ओव्हर देताना आधी काय सांगायचं?

इस्पितळातला पेशंट दिवसाकाठी तीनदा एका सिस्टरच्या हातून दुसरीच्या हाती जातो. मॉर्निंगची सिस्टर इव्हिनिंगला ओव्हर देते, इव्हिनिंगची नाइटला आणि नाइटची पुन्हा मॉर्निंगला. या ओव्हरमध्ये काय सांगायचं हे प्रत्येकीला शिकवलेलं असतं. कुठल्या क्रमाने सांगायचं हे मात्र बहुतेक ठिकाणी सवयीवर सोडलेलं असतं, आणि सवय एकच असते: खाटांच्या क्रमाने वॉर्डात फिरायचं आणि प्रत्येक खाटेपाशी पेशंटची गोष्ट सुरुवातीपासून सांगायची. कधी आला, काय झालं होतं, कोणतं ऑपरेशन झालं, मग आज काय. गोष्ट सांगायची ही रीत चांगली आहे. पण तिच्यात सगळ्यात ताजी आणि सगळ्यात महत्त्वाची बातमी शेवटी येते, आणि तोवर ऐकणारीचं लक्ष पुढच्या खाटेकडे गेलेलं असतं.

हा क्रम बांधून देण्याचे प्रयत्न गेली वीसेक वर्षं जगभर चालू आहेत. त्यांतून काय हाती लागलं हे पाहण्याआधी एक नमुना समोर ठेवू. पेशंट कल्पित आहे, पण असा ओव्हर कोणत्याही मेल सर्जिकल वॉर्डात रात्री आठला ऐकायला मिळेल.

"बेड नंबर १४, पर्फोरेशनचे पेशंट. ५८ वर्षं. काल रात्री इमर्जन्सीला आले, रात्रीच घेतलं, लॅपरोटॉमी झाली. पहाटे वॉर्डात शिफ्ट केलं. एनबीएम आहेत, राइल्स ट्यूब आहे, ड्रेन आहे, कॅथेटर आहे. शुगरचे पेशंट आहेत, पण आज शुगर ठीक आहे. आरएल चालू आहे. दोनचं अँटिबायोटिक दिलंय. पाचला सरांचा राउंड झाला, फ्लुइड वाढवायला सांगितलंय. व्हायटल्स बऱ्यापैकी, पल्स थोडी जास्त. युरिन १६०. ब्लड पाठवलंय. बाकी ठीक. मुलगा जरा कटकट करतोय, बाबा बोलत नाहीत म्हणतो. बेड नंबर १५…"

या ओव्हरमध्ये खोटं काहीच नाही. जवळजवळ सगळी माहिती आलेलीही आहे. आता त्याच पेशंटचा चार्ट उघडून पाहू. दुपारी दोनला नाडी ९६, रक्तदाब ११८, श्वास मिनिटाला १८, ताप नाही. संध्याकाळी साडेसातला नाडी ११४, वरचा रक्तदाब १०४, श्वास २२, ताप ३८.२. ऑक्सिजनचं प्रमाण ९६, तेही बाहेरून ऑक्सिजन न देता. यातला एकेक आकडा सुटा घेतला तर "थोडा जास्त" किंवा "थोडा कमी" एवढंच म्हणता येतं, आणि सिस्टर तेच म्हणाली. पण लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली न्यूज ही गुणपद्धत लावली, तर दुपारी दोनला या पेशंटचा गुण होता १. साडेसातला तो झाला ६: श्वासाचे २, नाडीचे २, रक्तदाबाचा १, तापाचा १. पाच झाले की डॉक्टरने तातडीने येऊन पाहावं आणि किमान दर तासाला मोजणी व्हावी, असं ही पद्धत सांगते. सात म्हणजे आणीबाणी.

युरिनची गोष्ट याहून बोलकी आहे. १६० हा आकडा सहा तासांचा आहे. दोन ते चार ८० मिली, चार ते सहा ५०, सहा ते आठ ३०. पेशंटचं वजन ६० किलो. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे इथे ३० मिली लघवी तरी व्हायला हवी, असा साधारण हिशेब असतो. शेवटच्या दोन तासांत ती तासाला १५ वर आलेली आहे. बेरीज करून सांगितल्यामुळे घसरण झाकली गेली. आणि जे खरं तर आणखी एक लक्षण होतं, नेहमी बोलणारा माणूस गप्प होणं, ते "मुलगा कटकट करतोय" या वाक्यात नातेवाइकांच्या खात्यावर जमा झालं.

आता हाच पेशंट बांधलेल्या क्रमाने:

ओळख: पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर, मनगटाच्या पट्टीवरून ताडून. खाट १४.

स्थिती: नजर ठेवायचे पेशंट, आणि बिघडत चाललेत. न्यूज दोनला १, साडेसातला ६. युरिन दर दोन तासांनी ८०, ५०, ३०.

पार्श्वभूमी: ड्युओडिनल पर्फोरेशन, ऑपरेशननंतरचा पहिला दिवस. मधुमेह. एनबीएम, राइल्स ट्यूब, एक ड्रेन, कॅथेटर.

राहिलेली कामं: एक, फ्लुइड १०० वरून १२५ करायला सरांनी पाचला तोंडी सांगितलं, चार्टवर लिहिलेलं नाही, बदललेलं नाही, रेसिडेंटकडून लिहून घ्यायचं. दोन, क्रिएटिनिन आणि इलेक्ट्रोलाइट्सचं ब्लड साडेसहाला गेलं. नऊला रिपोर्ट मागवायचा आणि रेसिडेंटना फोनवर वाचून दाखवायचा. तीन, दहाचा अँटिबायोटिकचा डोस.

काळजी: पोट दुपारपेक्षा घट्ट वाटतंय, पेशंट कमी बोलतायत, मुलानेही तेच सांगितलं. रेसिडेंटना ७:४० ला फोन केला, ते ओटीत आहेत, केस संपली की येतो म्हणाले. सव्वाआठपर्यंत आले नाहीत तर रजिस्ट्रारना फोन. तोवर कॅथेटरची नळी कुठे दुमडली वा अडकली नाही ना, ते आत्ताच दोघींनी पाहायचं. असंबद्ध बोलायला लागले तर गुण एकदम तीनने वाढून नऊ होतो. मग थांबायचं नाही.

शब्द वाढले आहेत, जवळपास दुपटीने. पण पहिल्या ओव्हरनंतर नाइटची सिस्टर खाट १५ कडे गेली असती, दुसऱ्यानंतर ती आधी कॅथेटर पाहील. आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते बांधलेल्या क्रमाचा खरा फायदा तोच आहे. पहिल्या ओव्हरमध्ये तोंडी ऑर्डर लिहिली गेली नाही ही गोष्ट कुठेच नव्हती, तरी ती नसल्याचं कुणाला जाणवलं नाही, कारण तिच्यासाठी जागाच नव्हती. दुसऱ्या ओव्हरमध्ये "राहिलेली कामं" असं म्हटलं की देणारीला थांबून स्वतःलाच विचारावं लागतं: फ्लुइड वाढवायला सांगितलं, मग मी ते वाढवलं का? ठरलेल्या जागा असल्या की त्यांतली रिकामी जागा दिसते, आणि ऐकणारीलाही पुढे काय यायचं आहे हे माहीत असल्याने ते आलं नाही तर ती विचारते.

या सगळ्याची सुरुवात वॉर्डात झाली नाही. एसबार म्हणून जी पद्धत आज नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला तोंडपाठ असते, ती अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कायझर पर्मनेन्टे या अमेरिकी आरोग्यसंस्थेत मायकेल लेनर्ड, डग बोनॅकम आणि सुझॅन ग्रॅहम यांनी ती इस्पितळाच्या कामासाठी बेतली. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस असे तिचे चार टप्पे. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पेशंट सुरक्षेचे जे उपाय सुचवले, त्यांत पेशंट हस्तांतरित करतानाच्या संवादाला वेगळी जागा दिली आणि एसबारचं नाव घेतलं. तिथून ती जगभर पसरली. ऑस्ट्रेलियात आधी "ओळख" जोडून तिची आयसबार झाली.

एसबारचा जन्म लक्षात ठेवायला हवा, कारण तिच्या मर्यादाही तिथेच आहेत. सिस्टरने रात्री झोपलेल्या डॉक्टरला फोन करून एका पेशंटच्या एका अडचणीबद्दल काय बोलावं, यासाठी ती उत्तम आहे. सिस्टर आणि डॉक्टर वेगवेगळ्या रीतीने बोलतात. एक चित्र रंगवते, दुसऱ्याला मथळा हवा असतो. एसबार त्यांच्यातला पूल आहे. पण शिफ्टचा ओव्हर हा एका अडचणीचा फोन नसतो. तिथे तीस पेशंट असतात, त्यांतल्या पंचवीसांना अडचणच नसते, आणि जबाबदारी परत यायची नसते, ती कायमची दुसऱ्याकडे जायची असते. "शिफारस" या खान्यात मग सिस्टर काय भरणार? बऱ्याच ठिकाणी तिथे "कंटिन्यू सेम ट्रीटमेंट" असं येतं, आणि ते वाक्य कुणालाच काही सांगत नाही. एसबारवरच्या अभ्यासांचा जो आढावा २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या बीएमजे ओपन या नियतकालिकात आला, त्यातही मध्यम प्रतीचा पुरावा मिळतो तो सुरक्षा सुधारल्याचा, आणि त्यातल्या त्यात फोनवरच्या संवादाच्या बाबतीत.

ओव्हरसाठी मुद्दाम बांधलेला क्रम आय-पासचा. पहिल्यांदा आजाराची तीव्रता, एका शब्दात: स्थिर, नजर ठेवायचा, अस्थिर. मग पेशंटचा सारांश, मग करायच्या कामांची यादी, मग काय घडू शकतं आणि घडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. आपल्या नमुन्यात मी जवळपास हाच सांगाडा वापरला. त्यातला पहिला शब्द सगळ्यात कठीण आहे. "स्थिर" म्हणणं सोपं, "अस्थिर" म्हणायला तर पर्यायच नसतो. मधल्या पेशंटला नाव देणं म्हणजे आपल्या मनातली शंका सगळ्यांसमोर मांडणं. आणि रात्रीत बिघडणारे पेशंट बहुतेक याच मधल्या गटातून येतात.

आय-पासचा पुरावा या सगळ्या क्षेत्रातला सगळ्यात भक्कम मानला जातो. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ॲमी स्टार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरोग प्रशिक्षण केंद्रांत, १०,७४० दाखल पेशंट. पद्धत आणल्यानंतर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या. एका पेशंटच्या ओव्हरला लागणारा वेळ आधीही सुमारे अडीच मिनिटं होता आणि नंतरही तेवढाच राहिला. "क्रम पाळायला वेळ कुठे आहे" या नेहमीच्या हरकतीला हे चांगलं उत्तर आहे. पण हा अभ्यास सांगणारे दोन गोष्टी गाळतात. एक, तो डॉक्टरांच्या ओव्हरवर होता, सिस्टरांच्या नव्हे. दुसरं, तिथे नुसता क्रम दिलेला नव्हता. त्याबरोबर प्रशिक्षण होतं, प्रत्यक्ष उभं राहून ओव्हर ऐकणारे आणि सुधारणारे वरिष्ठ होते, छापील सोय होती. त्यातलं किती श्रेय क्रमाचं आणि किती बाकीच्याचं, हे वेगळं करता येत नाही. शिवाय आधी आणि नंतर अशी तुलना होती, शेजारी वेगळा गट ठेवलेला नव्हता. त्याच गटाने पुढे बालरोग अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांसाठी आय-पास आणली. २०१७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ओव्हरचा दर्जा सुधारला आणि वेळ वाढला नाही. चुका कमी झाल्या का, हे मात्र त्यात मोजलेलं नव्हतं.

सिस्टरांच्या ओव्हरपुरतं बोलायचं तर पुराव्याची बाजू लंगडीच आहे. कोक्रेनने २०१४ मध्ये नर्सिंग ओव्हरच्या वेगवेगळ्या पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या कसोटीला उतरणारा एकही अभ्यास त्यांना मिळाला नाही. तरीही एक छोटा ब्रिटिश प्रयोग मला मोठ्या अभ्यासांइतकाच मोलाचा वाटतो. २००५ मध्ये पोथिअर आणि सहकाऱ्यांनी १२ कल्पित पेशंटांची माहिती एकामागोमाग पाच ओव्हरमधून पुढे पाठवून पाहिली. निव्वळ तोंडी ओव्हरमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत सगळी माहिती गळून गेली. ऐकता ऐकता टिपणं काढली, तर पाच फेऱ्यांनंतर ३१ टक्के उरली. छापील कागद हातात असेल आणि वर तोंडी सांगितलं, तर नुकसान नगण्य. आपल्याकडे अनेक वॉर्डांत आजही ओव्हर होतो तो दुसऱ्या प्रकाराने: हातात चिठोरं, त्यावर स्वतःच्याच खुणांनी लिहिलेली टिपणं, आणि ड्युटी संपली की ते चिठोरं ॲप्रनच्या खिशात.

आपल्या वॉर्डांत बांधलेला क्रम का रुजत नाही याचं कारण शोधताना सगळे आधी सिस्टरांच्या संख्येकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात रात्री तीस-चाळीस पेशंटांना एक नाहीतर दोन सिस्टर. प्रत्येकाला अडीच मिनिटं म्हटली तर सव्वा तास तरी. असा ओव्हर कुणी देणार नाही, आणि दिलाच तर पंधराव्या पेशंटनंतर कुणी ऐकणार नाही. म्हणून क्रमाआधी निवड करावी लागते. स्थिर पेशंटसाठी एक ओळ: ओळख, "स्थिर", आणि रात्रीचं एखादं काम. पूर्ण पाच खाने फक्त नजर ठेवायच्या आणि अस्थिर पेशंटांसाठी. वॉर्डात असे पाच-सहाच असतात. त्यांचा ओव्हर आधी, आणि खाटांच्या क्रमाला त्यानंतर सुरुवात. कॅनडात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या ओव्हरवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की यादीत आधी येणाऱ्या पेशंटांवर शेवटच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, मग ते जास्त आजारी असोत वा नसोत. खाट १ ला दार जवळ असतं म्हणून तिथल्या पेशंटला जास्त वेळ मिळावा, याला काही अर्थ नाही.

दुसरं कारण कमी बोललं जातं. आपल्याकडे ओव्हर हा पेशंटचा असतो तसाच सामानाचाही असतो. चादरी, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, ऑक्सिजनचे सिलिंडर, इमर्जन्सी ट्रॉलीतली इंजेक्शनं, नार्कोटिक्सच्या कपाटाची किल्ली. यातलं काही कमी भरलं तर जबाब सिस्टरला द्यावा लागतो, काही ठिकाणी पगारातून भरूनही द्यावं लागतं. तेव्हा ताजं डोकं मोजणीवर खर्च होणं साहजिक आहे. शिवाय रिपोर्ट बुकची सुरुवात आकड्यांनी होते: जुने किती, नवे किती, डिस्चार्ज किती, मृत्यू किती. हे सगळं लागतंच. पण पेशंटचा ओव्हर संपेपर्यंत मोजणीला हात लावायचा नाही एवढा एक नियम केला, तरी पुष्कळ फरक पडतो. नार्कोटिक्सची मोजणी दोघींनी मिळूनच करायची असते. ती पंधरा मिनिटांनी झाली तरी काही बिघडत नाही.

भाषेबद्दल एक जाता जाता. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत ओव्हर देणारी केरळची, घेणारी नांदेडची आणि पेशंटचे नातेवाईक बिहारचे, हे काही नवल नाही. ओव्हर हिंदी-मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात होतो आणि लेखी इंग्रजीत. अशा ठिकाणी बांधलेला क्रम जास्तच उपयोगी पडतो, कारण शब्द अर्धा कळला तरी तो कुठल्या खान्यातला आहे हे माहीत असतं. "पल्स" हा शब्द स्थितीत आला की तो आकडा असतो, काळजीत आला की इशारा असतो.

खाटेपाशी ओव्हर द्यावा की नर्सिंग स्टेशनवर, या वादात मी खाटेच्या बाजूने आहे, एका अटीवर. खाटेपाशी कॅथेटर दिसतं, ड्रेनमधलं पाणी कोणत्या रंगाचं आहे ते दिसतं, "आरएल चालू आहे" म्हटलेली बाटली रिकामी झालेली दिसते. पण चाळीस खाटांच्या सामाईक वॉर्डात एका पेशंटचा ओव्हर शेजारच्या चार नातेवाइकांना ऐकू जातो. एचआयव्हीची माहिती गुप्त राहावी असं २०१७ चा कायदाच सांगतो. पण गर्भपात, विषप्राशन, मानसिक आजार, हेही मोठ्याने बोलायचे विषय नव्हेत. म्हणून स्थिती आणि कामं खाटेपाशी, नाजूक पार्श्वभूमी स्टेशनवर, अशी विभागणी करावी लागते. क्रम इथे थोडा मोडतो आणि तो तसा मोडू द्यावा.

हे सगळं आणल्यावर बिघडतं कुठे? पहिल्यांदा नक्कलीत. कागद छापून मिळाला की कालचा कागद समोर ठेवून आजचा भरला जातो. याची खूण सोपी असते: ऑपरेशननंतरचा "पहिला दिवस" तिसऱ्या दिवशीही पहिलाच राहतो, काढलेली राइल्स ट्यूब कागदावर टिकून असते. त्यानंतर कामांच्या खान्यात. तिथे झालेल्या गोष्टी लिहिल्या जातात. "ब्लड पाठवलं" हे काम नाही, तो इतिहास आहे. काम म्हणजे काय करायचं, किती वाजता आणि त्यानंतर कुणाला सांगायचं. यातलं एक जरी नसलं तरी रात्री ते काम कुणाचंच राहत नाही. परत सांगण्यातही तीच गत होते. "समजलं ना?" "हो" हे परत सांगणं नव्हे. घेणारीने एवढं म्हणावं: "म्हणजे चौदाचं आधी कॅथेटर बघते, सव्वाआठला रेसिडेंट नाही आले तर रजिस्ट्रारना लावते, नऊला रिपोर्ट." यात चूक असेल तर ती तिथल्या तिथे पकडली जाते.

तपासणी करायची असेल तर कागद किती भरले हे मोजण्यात वेळ घालवू नये. इन्चार्ज सिस्टरने ओव्हर झाल्यावर पाच मिनिटांनी नाइटच्या सिस्टरला एकच विचारावं: आज रात्री कोणाकडे आधी जाशील आणि का? देणारीलाही तेच विचारावं. दोघींची उत्तरं जुळली तर ओव्हर झाला. जुळली नाहीत तर कागद कितीही सुबक असो, माहिती पोचलेली नाही. मेट्रनच्या राउंडला अशी दोन-चार खाटांची तपासणी सहज होते.

राहिला काळजीचा खाना. सर्वांत महत्त्वाचा तोच आणि सर्वांत रिकामाही तोच राहतो. "काही विशेष नाही" असं त्यात लिहिलं जातं. याचा अर्थ सिस्टरला काळजी वाटत नव्हती असा नसतो. नेदरलँड्समध्ये सिस्टरच्या अस्वस्थतेवर संशोधन झालं आणि तिच्या नऊ खुणा वेगळ्या काढल्या गेल्या. त्यांत श्वासातला आणि रक्ताभिसरणातला बदल आहे, भानातला बदल आहे, वेदना आहे, अपेक्षेप्रमाणे सुधारणा न होणं आहे, पेशंटने स्वतः "मला बरं वाटत नाही" म्हणणं आहे, आणि शब्दांत न मांडता येणारी सिस्टरची शंकाही आहे. आकडे बिघडण्याआधी ही शंका येते असं पुष्कळदा दिसलं आहे. चौदा नंबरचा मुलगा "बाबा बोलत नाहीत" म्हणाला तेव्हा सिस्टरलाही ते जाणवलं होतं. मग तिने ते काळजी म्हणून का सांगितलं नाही?

कारण आपल्या वॉर्डातल्या पायऱ्या. काळजी लिहिली की त्यापुढे "डॉक्टरांना कळवलं का" हा प्रश्न येतो. कळवलं आणि ते आले नाहीत, असं लिहिणं म्हणजे रेसिडेंटविरुद्ध तक्रार केल्यासारखं वाटतं. नाही कळवलं असं लिहिणं म्हणजे स्वतःवर दोष घेणं. दोन्हीपेक्षा खाना रिकामा ठेवणं सुरक्षित. छापील कागद सुधारून हे सुटत नाही. त्यासाठी पुढची पायरी सिस्टरच्या मर्जीवर न ठेवता वॉर्डाने आधीच ठरवून लिहून ठेवावी लागते: गुण पाच किंवा अधिक, अथवा सिस्टरला नुसती काळजी, की रेसिडेंटला फोन, अर्ध्या तासात कुणी आलं नाही तर रजिस्ट्रार, तेही नाही तर ऑन-कॉल लेक्चरर. हे कागदावर युनिटप्रमुखांची सही घेऊन भिंतीवर लावलेलं असेल, तर रजिस्ट्रारला रात्री फोन लावणारी सिस्टर आगाऊ ठरत नाही, ती ठरलेलं काम करत असते. मग काळजीच्या खान्यात "७:४० ला फोन केला, ओटीत आहेत" हे वाक्य साध्या माहितीसारखं लिहिता येतं. जिथे असा कागद भिंतीवर नाही, तिथे मी तरी बाकीचे चार खाने छापण्याआधी तो कागद मागेन.